नवे कोणाच्या मापाने? ॲन्सॉफचे चार पर्याय आणि कोअर कॉम्पिटन्स : एका वेफर्स कारखान्याच्या निमित्ताने

यावल तालुक्यात केळी वेफर्सचा एक मध्यम कारखाना आहे असे धरू. रोज चार टन कच्ची केळी येतात, साधारण एक टन वेफर्स बाहेर पडतात. माल जळगाव, धुळे, नंदुरबार आणि थोडा नाशिकला जातो. मालकांकडे वाढीसाठी एकाच पावलापुरते भांडवल आहे आणि टेबलावर चार प्रस्ताव आहेत. पाच रुपयांचे पाकीट काढून खान्देशातलीच दुकाने वाढवायची. हेच वेफर्स सुरतला किंवा दुबईला पाठवायचे. केळीचे पीठ आणि मसाला वेफर्स काढायचे. किंवा ताज्या केळीचे निर्यातीसाठीचे पॅकहाउस उभारायचे.

व्यवस्थापनतज्ज्ञ इगोर ॲन्सॉफ यांनी १९५७ साली मांडलेल्या चौकटीत हे चारही प्रस्ताव मोजून ठेवल्यासारखे बसतात. जुना माल जुन्या बाजारात म्हणजे बाजारपेठेत खोल शिरणे, जुना माल नव्या बाजारात म्हणजे बाजारविकास, नवा माल जुन्या गिऱ्हाइकाला म्हणजे उत्पादनविकास आणि दोन्ही नवे म्हणजे विविधीकरण. चौकट वाचणारा बहुतेक जण डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्याकडे जाताना जोखीम वाढत जाते असे गृहीत धरतो. त्या हिशेबाने पाच रुपयांचे पाकीट सर्वांत सुरक्षित, दुबई मध्यम जोखमीची आणि पॅकहाउस सर्वांत धोक्याचे.

या गृहीताचे मूळ ॲन्सॉफ यांच्याच लेखात आहे. पहिले तीन मार्ग कंपनीच्या हाताशी असलेल्या तांत्रिक, आर्थिक आणि विक्रीच्या साधनांवर चालतात, विविधीकरणाला मात्र बहुधा नवी कौशल्ये, नवे तंत्र आणि नव्या सोयी लागतात, असे त्यांचे म्हणणे होते. १९५७ च्या अमेरिकन कारखानदारीपुरते ते बरेचसे खरे असेलही. पण ॲन्सॉफची चौकट आणि कोअर कॉम्पिटन्सचा, म्हणजे कंपनीच्या गाभ्याच्या क्षमतेचा विचार, या दोहोंची खरी टक्कर याच वाक्यापाशी होते. ‘जुने’ आणि ‘नवे’ हे चौकटीचे दोन अक्ष माल आणि गिऱ्हाईक बघून आखलेले आहेत. कारखान्याला नेमके काय येते, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेले नसते.

ती जागा संसाधनाधारित दृष्टिकोनाने भरली. एडिथ पेनरोझ यांनी १९५९ मध्ये कंपनीकडे साधनांचा संच म्हणून पाहिले आणि त्यातली न वापरलेली क्षमताच वाढीला ढकलते असे दाखवले. वर्नरफेल्ट यांनी १९८४ मध्ये या दृष्टिकोनाला आजचे नाव दिले. प्रल्हाद आणि हॅमेल यांनी १९९० मध्ये कोअर कॉम्पिटन्सच्या तीन कसोट्या सांगितल्या : ती अनेक बाजारांची दारे उघडते का, गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या फायद्यात तिचा मोठा वाटा आहे का, आणि दुसऱ्याला तिची नक्कल अवघड जाते का. बार्नी यांची १९९१ ची यादी (मोलाचे, दुर्मिळ, नक्कल न होणारे, पर्याय नसलेले) याच अंगाची, फक्त अर्थशास्त्राच्या भाषेत घट्ट बांधलेली. इथून पुढे या कसोट्या कारखान्यालाच लावून पाहिलेल्या बऱ्या.

तळणीची कढई आणि स्लायसर बाजारात मिळतात. पैसे मोजले की महिन्याभरात शेजाऱ्याकडेही येतात. पाककृतीत गुपित नाही : हिरवी केळी सोलून थेट गरम तेलात काप पाडायचे, मिठाचे पाणी मारायचे. ब्रँड खान्देशाबाहेर कोणी ओळखत नाही. उरते ती कच्च्या मालाची बाजू, आणि तिथे हा कारखाना खरोखर वेगळा आहे.

वेफर्ससाठी घड पूर्ण भरण्याआधीचा, स्टार्च असलेला लागतो. काढणी चार-सहा दिवस लांबली किंवा माल उन्हात पडून राहिला की स्टार्चची साखर होऊ लागते, काप तेलात तांबूस पडतात आणि पाकिटात चिकटतात. कोवळा घड काढला तर सालीचे वजन जास्त, गराचे कमी, आणि चार किलोला एक किलो हे प्रमाण बिघडते. म्हणून कारखान्याची दोन माणसे रोज बागांत फिरतात. पावसाळ्याच्या तोंडी लावलेली कोणती मृगबाग कधी कापायची, पावसाळ्यानंतर लावलेल्या कांदेबागेचा माल कोणत्या आठवड्यात सुरू होईल, कोणाची पिलांवर राखलेली पिलबाग या वर्षी बारीक पडली आहे, हे त्यांना कागदाशिवाय माहीत असते. शे-सव्वाशे शेतकऱ्यांना आठवड्याच्या आत रोख हिशेब मिळतो. व्यापाऱ्याने आकाराने लहान म्हणून बाजूला काढलेल्या फण्याही इथे खपतात, त्यामुळे भाव चढला तरी शेतकरी या गाडीला रिकामी परत पाठवत नाही.

याची किंमत आकड्यात दिसते. कच्ची केळी १२ रुपये किलोने आली तर एक किलो वेफर्समागे ४८ रुपये केळीचे, सुमारे ४० तेलाचे आणि ३५ मजुरी, जळण व पॅकिंगचे, एकूण १२३. वितरकाला माल १६५ ने जातो, म्हणजे ४२ सुटतात. केळी २० रुपयांवर गेली की खर्च ३२ रुपयांनी वाढतो आणि हाती १० उरतात, कारण पाकिटावर छापलेली किंमत बऱ्हाणपूर-रावेरच्या केळीच्या भावाबरोबर रोज हलवता येत नाही. म्हणून धंदा तरतो की बुडतो ते कढईवर नाही, खरेदीवर ठरते. आणि ही खरेदी नुसत्या पैशाने उभी राहत नाही. डीरिक्स आणि कूल यांनी १९८९ मध्ये नेमके हेच मांडले : काही साधने वर्षानुवर्षे साठतात, घाई करून दुप्पट खर्च केला तरी अर्ध्या वेळात तयार होत नाहीत. नव्या कारखानदाराने पहिल्याच हंगामात चढा भाव दिला तर केळी मिळतील. कोणत्या बागेचा घड कोणत्या दिवशी तोडायचा हे ज्ञान मिळणार नाही.

आता चार प्रस्ताव पुन्हा मांडले की क्रम उलटतो.

दुबईला वेफर्स पाठवणे चौकटीत एकच घर पलीकडे आहे. पण त्यासाठी लागते ते सगळे या कारखान्याकडे नाही : महिनोन्‌महिने खवट न होणारा माल, म्हणजे तेलाच्या गुणवत्तेवर काटेकोर नजर आणि नायट्रोजन भरलेले पाकीट, त्या देशाच्या नियमांप्रमाणे लेबल, तिथला वितरक. शिवाय तिथल्या फळीवर केरळचे नेंद्रन केळीचे चिप्स आधीच बसलेले आहेत आणि ते घेणारा मल्याळी गिऱ्हाईकही तिथेच राहतो. खरेदीचे कसब इथे काही कामाला येत नाही. सुरतची गोष्ट वेगळी. उधना-लिंबायत भागात खान्देशी वस्ती दाट आहे, माल ओळखीचा आहे, आणि जवळच्या भुसावळहून सुरतला रेल्वेमार्ग जातो. ॲन्सॉफच्या कागदावर सुरत आणि दुबई एकाच घरात आहेत, हा त्या कागदाचा दोषच म्हणावा लागेल.

पॅकहाउस कागदावर सर्वांत दूर आहे. माल नवा, गिऱ्हाईक नवे. पण निर्यातीच्या केळीत पहिली अडचण कोणती? योग्य पक्वतेची, डाग नसलेली, एकसारखी केळी ठरल्या दिवशी मिळवणे. हे काम त्याच दोन माणसांचे आणि त्याच बागांचे आहे. वरच्या प्रतीचा माल खोक्यात आणि बाजूला पडलेल्या फण्या कढईत गेल्या, तर एकाच बागेची खरेदी दोन धंद्यांत वाटली जाते. प्रल्हाद-हॅमेल यांच्या पहिल्या कसोटीचा अर्थ इतका साधा आहे.

मात्र याच ठिकाणी कोअर कॉम्पिटन्सच्या नावाने निबंध लिहिणारे घाई करतात. निम्मी क्षमता जुळली म्हणजे पूर्ण धंदा जुळला असे नाही. निर्यातीत फणी धुणे, वजन, पॅकिंग, पूर्वशीतकरण आणि १३ अंशांच्या आसपासची शीतसाखळी यात कुठे चूक झाली तर माल पलीकडे पिवळा होऊन उतरू शकतो. तापमान फार खाली गेले तर साल काळवंडते. वेफर्सचा पैसा आठवड्यात फिरतो, निर्यातीचा महिना-दोन महिने अडकतो, आणि शेतकऱ्याला रोख देण्याची सवय तर तीच ठेवावी लागते. म्हणजे ज्या रोखीमुळे खरेदी भक्कम झाली, तीच रोख या प्रस्तावात पहिल्यांदा अपुरी पडेल. डोरोथी लेनर्ड-बार्टन यांनी १९९२ मध्ये दाखवलेली गोष्ट हीच : गाभ्याची क्षमता वेळ बदलली की गाभ्याचा ताठरपणा होते. कुकुंबर मोझॅक विषाणूने परिसरातल्या बागा उपटाव्या लागल्या, तर केळीवरच पोसलेले सगळे कसब एकाच वर्षी बेकार बसते. तो धोका पॅकहाउसने कमी होत नाही, दुप्पट होतो. इथे ॲन्सॉफची चौकट जास्त शहाणी ठरते, कारण सगळी अंडी कोणत्या बाजारात आहेत हे ती निदान दाखवते.

संसाधनाधारित विचाराची दुसरी अडचण तार्किक आहे. प्रीम आणि बटलर यांनी २००१ मध्ये आक्षेप घेतला की ‘मोलाचे साधन’ म्हणजे नफा देणारे साधन, आणि नफा का तर साधन मोलाचे, असे हे वर्तुळ आहे. खान्देशातच याचे उदाहरण घेता येईल. जळगावात भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये बंद पडलेला केळी भुकटीचा कारखाना घेऊन पपईच्या चिकापासून पपेन हे एन्झाइम बनवायला सुरुवात केली, १९८० मध्ये पीव्हीसी पाइप आणि पुढे ठिबक सिंचन. चौकटीने पाहिले तर पपेनकडून पाइपकडे जाणे हे विविधीकरण. आज मागे वळून ‘शेतकऱ्याशी नाते हीच त्यांची कोअर कॉम्पिटन्स’ असे म्हणणे सोपे आहे आणि पटतेही. पण १९८० मध्ये बसून हे कोणी लिहिले असते का? म्हणून निर्णयासाठी क्षमतेचे विधान आधी, आणि ते खोटे ठरू शकेल अशा शब्दांत लिहावे लागते.

आपल्या कारखान्यापुरते ते विधान असे होईल : ‘आम्ही निवडलेल्या बागांतली दर शंभर फण्यांमागची नापसंती, खुल्या बाजारातून घेतलेल्या मालापेक्षा स्पष्टपणे कमी असेल.’ याची परीक्षा पॅकहाउस न बांधता घेता येते. एका हंगामात दुसऱ्याचे पॅकहाउस भाड्याने घेऊन दोन रीफर, म्हणजे थंड ठेवणारे कंटेनर भरायचे. एका ४० फुटी कंटेनरात सुमारे २० टन, म्हणजे १३ किलोची पंधराशेच्या आसपास खोकी जातात. नोंद चार गोष्टींची : बागेत नाकारलेल्या फण्या, पॅकहाउसमध्ये नाकारलेल्या फण्या, पलीकडे पोहोचल्यावरची तक्रार, आणि पैसे हाती येईपर्यंतचे दिवस. बागेतली नापसंती कमी आणि पॅकहाउसमधली जास्त निघाली, तर निवड चांगली पण हाताळणी कच्ची, म्हणजे भाड्याचीच व्यवस्था चालू ठेवावी. दोन्ही जास्त निघाल्या, तर ज्याला क्षमता समजत होतो ती वेफर्सच्या पक्वतेपुरतीच होती. मग सव्वाशे शेतकऱ्यांचे नाते सुरतच्या मालासाठी वापरावे आणि कच्च्या केळीचा साठा वाढवण्याऐवजी पैसे वितरकाच्या उधारीसाठी राखून ठेवावेत.