मंगळवार दुपार ते गुरुवार सकाळ : कोणी काय केलं

नमस्कार मंडळी,

मंगळवारच्या पावसानंतर नाशिक आणि जळगावला गेलेल्या इन्सुलिनच्या दोन्ही गाड्या पोचल्या. सगळ्या बॉक्सचे डेटा लॉगर वाचून झाले, तापमान शेवटपर्यंत २ ते ८ अंशांच्या आत राहिलं. एकही बॉक्स परत आला नाही.

मी त्या संध्याकाळी माणकोलीला गाडीत अडकले होते, रात्री साडेनऊला पोचले. म्हणून काल डॉकचं रजिस्टर, कोल्ड रूमची नोंदवही आणि दोन्ही पाळ्यांच्या सुपरवायझरांशी बोलून हे लिहिते आहे. गेल्या महिन्यात मी फक्त समोर दिसलेल्या दिवसपाळीची नावं घेतली होती. रात्रपाळीला ते लागलं, आणि लागणं बरोबरच होतं. खालची नावं जे घडलं त्या क्रमाने आहेत, हुद्द्याच्या नाहीत.

दुपारी ३:४० ला लाइट गेली आणि जनरेटर आपोआप सुरू झाला नाही. महेशने तो सहा मिनिटांत हाताने चालू केला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, त्याआधी त्याने कोल्ड रूमच्या दारावर "उघडू नका" असा कागद चिकटवला. नोंदवहीत त्या वेळचं सर्वात जास्त तापमान ६.८ आहे. दार दोनदा उघडलं असतं तर हा आकडा असा राहिला नसता.

पाचच्या सुमारास मागच्या शटरखालून पाणी आत आलं. तुकारामकाका आणि त्यांच्या टोळीतल्या सहा जणांनी खालच्या रॅकवरची १८० खोकी पाऊण तासात वरच्या रांगेत चढवली. संतोषदादा सांगतात की कोणी सांगायच्या आधीच काकांनी सुरुवात केली होती. ही मंडळी या चॅनलवर नाहीत, म्हणून आज दुपारी पाळी बदलताना मी हा मेसेज डॉकवर वाचून दाखवणार आहे.

रोहनबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ते नोंदवहीत कुठेच आलेलं नाही. त्याला येऊन तीन आठवडे झालेत. घाईत जेल पॅक फ्रीझरमधून काढून थेट बॉक्समध्ये भरले जात होते. त्याने वैशालीताईंना विचारलं, "पॅकला अजून घाम आलेला नाही, हे चालेल का?" ताईंनी तिथल्या तिथे पॅकिंग थांबवलं, भरलेले ४० बॉक्स उघडायला लावले आणि पॅक बाहेर ठेवून मगच पुन्हा भरून घेतले. गाडी ५० मिनिटं उशिरा निघाली. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं, आणि गोठून पुन्हा वितळलेली बाटली बघून पेशंटला काही कळेलच असं नाही. विचारणाऱ्याचं आणि ऐकून घेणाऱ्याचं, दोघांचं हे काम आहे. ५० मिनिटांच्या उशिराचं स्पष्टीकरण वरिष्ठांना मी दिलं आहे, ते कोणाच्या नावावर लागणार नाही.

रात्री ११ वाजता नाशिकची गाडी कसाऱ्याच्या अलीकडे बंद पडली. ड्रायव्हर इक्बालभाईंनी दुसरी गाडी येईपर्यंत माल उतरवू दिला नाही, भर पावसात ताडपत्री पुन्हा बांधून घेतली. अफरीनने घरून ई-वे बिलाच्या पार्ट-बीमध्ये नव्या गाडीचा नंबर टाकला आणि माल नव्या गाडीत चढायच्या आत प्रत इक्बालभाईंच्या फोनवर पाठवली. जुन्याच नंबरवर गाडी पुढे गेली असती तर तपासणीत माल अडकला असता.

आणि या सगळ्या गोंधळात बाकीचं गोडाऊन बंद नव्हतं. दीपाली आणि सुरेश यांनी त्या दोन दिवसांत रोजच्या गोळ्या-औषधांच्या २१२ ऑर्डर काढल्या, आधी एक्स्पायरी होणारा माल आधी, हा नियम न मोडता. त्यांच्याकडे ना पाणी आलं, ना गाडी बंद पडली, म्हणून त्यांचं नाव सहसा अशा मेसेजात येत नाही. पण इन्सुलिनच्या मागे लागायला बाकीच्यांना मोकळीक मिळाली ती त्यांच्यामुळे. निखिल मंगळवारी सुट्टीवर होता. फ्रीझरमध्ये जेल पॅकचा पुरेसा साठा होता, कारण शनिवारी त्याने तो मोजून भरून ठेवला होता.

माझ्याकडून काही सुटलं असेल तर याच मेसेजखाली लिहा, स्वतःबद्दल लिहिलंत तरी चालेल. मी यात भर घालेन.

मंगळवारी रात्री आठनंतर जे थांबले त्या सर्वांना एक दिवसाची भरपाई रजा आहे. एजन्सीतर्फे असलेल्यांना त्याऐवजी एक दिवसाचा जादा पगार मिळेल, एजन्सीशी बोलणं झालं आहे. टोळीची जादा मजुरी या आठवड्याच्या हिशोबात लावली आहे. रजा कधी हवी ते शनिवारपर्यंत संतोषदादांकडे नोंदवा. एकाच दिवशी तिघांपेक्षा जास्त जणांनी मागितली तर चिठ्ठ्या टाकू.

जनरेटरवाला उद्या ११ वाजता येतोय. महेश, त्या वेळी मीही तिथे असेन.

मनापासून आभार.
– स्मिता