अंडी आणि हात : उद्याच्या नाश्त्याआधी सगळ्यांनी वाचा

मंडळी, उद्या रविवार. साडेसात ते साडेदहा या वेळात दहा ट्रे, म्हणजे ३०० अंडी फुटतील. त्यामुळे हे आजच वाचून घ्या.

अंड्याच्या कवचावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, क्वचित आतही असतात. वासावरून किंवा रंगावरून ते कळत नाहीत. पाण्यात तरंगतं की बुडतं, यावरून अंडं किती जुनं ते कळतं, जंतूंचं काही कळत नाही. पक्क्या शिजवलेल्या ऑम्लेटमध्ये हे जंतू मरतात. खरी भानगड होते ती फोडणाऱ्या बोटांची. तीच बोटं कोथिंबिरीच्या डब्यात, कापलेल्या कांद्यात, पावाच्या लादीवर जातात, आणि ते पुढे तव्यावर जात नाही, तसंच ताटात येतं.

गर्दीत प्रत्येक अंड्यानंतर हात धुणं होत नाही, हे मलाही माहीत आहे. म्हणून उद्यापासून कामं वेगळी. मागच्या बेसिनजवळ एक जण फक्त अंडी फोडेल. तव्यावरचा माणूस फोडायला हात लावणार नाही, आणि फोडणारा पाव, कोथिंबीर, प्लेट, मोबाइल यांतल्या कशालाही हात लावणार नाही. जागा बदलायची असेल तर आधी हात धुवा, मग बदला.

फोडताना अंडं आधी वाटीत, मग जगमध्ये. एक नासकं अंडं थेट जगमध्ये पडलं की बाकीची अकराही वाया जातात. एका जगमध्ये १२ च अंडी, जग बर्फाच्या ट्रेमध्ये, आणि २० मिनिटांत संपवायचा. फेटलेल्या अंड्यांत एकाचे जंतू सगळ्यांत पसरतात, आणि आपल्या किचनच्या उकाड्यात ते झपाट्याने वाढतात. उरलेल्यावर नवीन अंडी ओतू नका. स्टीलचे सहा जग ठेवलेत, रिकामा झाला की तो गरम पाण्याने आणि साबणाने धुवायला टाका, दुसरा घ्या.

अंडी धुवायची नाहीत. गार पाण्यात अंडं आकसतं आणि कवचाच्या छिद्रांतून बाहेरची घाण आत ओढली जाते. तडा गेलेलं, ओलं किंवा विष्ठा लागलेलं अंडं बाजूला काढा, त्याचे पैसे मी अंडीवाल्याकडून वळते करून घेईन. फ्रिजमधला ट्रे लागेल तसा एकेकच काढा. बाहेर राहून घाम आलेली अंडी परत आत ठेवू नका. टरफलं झाकणाच्या डब्यात, ट्रेमध्ये परत नाही. पुठ्ठ्याचा ट्रे टेम्पोच्या फळीवरून आलेला असतो, तो भाजी चिरायच्या ओट्यावर नको.

ऑम्लेट दोन्ही बाजूंनी पक्कं, भुर्जीला पाणी दिसता कामा नये. थर्मामीटर तव्याशेजारी टांगलाय, मध्ये ७५ अंश दिसायला हवेत. हाफ फ्राय लहान मुलं, गरोदर बाई, वयस्कर माणसं यांना द्यायचा नाही. ऑर्डर घेणाऱ्याने टेबलावरच सांगायचं, तव्यावरच्याने अंदाज बांधत बसायचं नाही. उकडलेली अंडी पाणी उकळायला लागल्यापासून १२ मिनिटं, मग स्वच्छ गार पाण्यात. सोललेली अंडी दोन तासांच्या वर बाहेर नकोत.

आता हात. मनगटापर्यंत ओले करा, साबण घ्या, २० सेकंद चोळा. नखांच्या कडा, अंगठा आणि बोटांच्या बेचक्या हमखास सुटतात, तिथे मुद्दाम घासा. मग वाहत्या पाण्याखाली धुवा, कागदी रोलने पुसा आणि त्याच कागदाने नळ बंद करा. कमरेला खोचलेल्या फडक्याला पुसलेला हात धुतलेला धरणार नाही. त्या फडक्यावर सकाळपासूनचं सगळं असतं. सॅनिटायझर तेलकट, अंडं लागलेल्या हातावर नीट चालत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. हातमोजे घातले तरी हात आधी धुवायचाच, आणि अंडं फोडलेल्या मोज्याने पाव उचलला तर मोजा असून नसल्यासारखाच. साबण संपत आला म्हणून बाटलीत पाणी घालू नका, नवी बाटली मागा.

धुवायचं कधी? अंडी फोडून झाल्यावर, शौचालयातून आल्यावर, नाक किंवा केस शिवल्यावर, पैसे घेतल्यावर, कचरा टाकल्यावर आणि तंबाखू मळल्यावर. (तंबाखू किचनमध्ये नकोच, पण खोटं कशाला बोलू.)

ओट्यावर अंडं सांडलं तर आधी कागदाने टिपा, मग साबणाने धुवा, शेवटी क्लोरीनच्या पाण्याने पुसा: ४ टक्क्यांच्या हायपोक्लोराइटचे ४० मिली, १० लिटर पाण्यात. ओटा तेलकट असताना तेच पाणी वाया जातं, म्हणून साबण आधी. हे पाणी रोज सकाळी ताजं करा.

जुलाब किंवा उलटी झाली असेल तर कामावर येऊ नका, आणि थांबल्यावरही ४८ तास घरीच राहा. पगार कापणार नाही. सकाळी सहाच्या आत फोन करा म्हणजे बदली माणूस बोलावता येईल.

मी साडेसहाला येऊन साबण आणि रोल भरून ठेवतो. मध्येच संपलं तर थेट गल्ल्यावर येऊन सांगा.