गुरुवारच्या जर्नल क्लबसाठी प्रश्न: नर्सेस हेल्थ स्टडी आणि हार्मोन थेरपी

तुमच्या स्लाइड्स पाहिल्या, छान झाल्यात. आता आम्ही मागे बसून काय काय विचारणार ते आधीच टाकतोय, मग म्हणू नका की घात केला. एकच अट, पेपर 1991 चा आहे तर उत्तरंही 1991 मध्ये बसूनच द्यायची, "पुढे ट्रायलमध्ये उलटं निघालं" हे शेवटच्या पाच मिनिटांसाठी ठेवा.

सुरुवात सोपी. 48,470 मेनोपॉज झालेल्या नर्सेस, दहा वर्षं फॉलोअप, आत्ता गोळ्या घेणाऱ्यांमध्ये कोरोनरी हार्ट डिसीजचा रिलेटिव्ह रिस्क 0.56. पण सगळ्या अमेरिकेतल्या रजिस्टर्ड नर्सेस. नर्सेस का निवडल्या आणि त्यामुळे कुठला बायस कमी होतो, कुठला तसाच राहतो? (फक्त "जनरलायझेबिलिटी" म्हणून सुटू नका, ते सगळेच म्हणतात.)

आता कन्फाउंडिंग, इथे तुम्हाला जास्त वेळ उभं करणार आहे. गोळी घ्यायची की नाही हे नाणं उडवून ठरलेलं नाही, बाई डॉक्टरकडे गेली, डॉक्टरने तिची तब्येत बघितली, मग लिहून दिली. ज्या बाईला बीपी आहे, डायबिटीस आहे, तिला डॉक्टरने दिलीच नसेल तर? मग गोळीने हार्ट वाचवलं की ज्यांचं हार्ट आधीच ठीक होतं त्यांनाच गोळी मिळाली? स्मोकिंग, बीएमआय वगैरे ॲडजस्ट केलंय हे मान्य, पण घरची परिस्थिती, व्यायाम, खाणं, नियमित तपासणीला जाण्याची सवय हे किती नीट मोजलंय, आणि जे दोन वर्षांतून एकदा प्रश्नावलीवर टिक करून कळतं ते "मोजलं" म्हणायचं का?

याला जोडूनच: 1987 मध्ये एका दुसऱ्या कोहॉर्टमध्ये इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांचे अपघात, खून आणि आत्महत्येने होणारे मृत्यूसुद्धा कमी दिसले होते. इस्ट्रोजेन काही कोणाला खुनापासून वाचवत नाही ना! मग तुमच्या डेटात असा एखादा निगेटिव्ह कंट्रोल आउटकम तपासायचा झाला तर कुठला घ्याल?

आणि गोळी नेमाने घेणारी माणसं मुळातच वेगळी असतात त्याचं काय? कोरोनरी ड्रग प्रोजेक्टमध्ये, 1980 चा पेपर, नुसती प्लासिबो नेमाने घेणाऱ्यांत पाच वर्षांची मॉर्टॅलिटी 15.1 टक्के आणि न घेणाऱ्यांत 28.2 टक्के होती. साखरेच्या गोळीचा इफेक्ट एवढा दिसत असेल तर तुमच्या 0.56 मधला किती भाग "नेमाने घेण्याचा" आहे, हे वेगळं कसं काढणार?

अजून एक, उलट्या बाजूने. इस्ट्रोजेनमुळे एचडीएल वाढतं. मग कोलेस्टेरॉल ॲडजस्ट करायचं का? ते कन्फाउंडर की मीडिएटर? बोर्डवर डॅग काढून दाखवा, तोंडी नको.

बायसमध्ये माझा मुख्य प्रश्न घड्याळ कधी सुरू होतं हा आहे. "करंट यूजर" म्हणजे जी आधीपासून घेतेय आणि अजून टिकलीय. समजा गोळी सुरू केल्यावर पहिल्या वर्षातच काहींना अटॅक आला, तर दोन प्रश्नावल्यांच्या मधे सुरू करून मधेच अटॅक आलेली बाई कुठल्या गटात मोजली जाते? नवीन सुरू करणाऱ्याच बायका घेऊन ॲनालिसिस केला तर आकडा कुठे सरकेल, तुमचा अंदाज सांगा.

ई-व्हॅल्यू मी काढली, 0.56 साठी साधारण 3 येते. म्हणजे न मोजलेल्या कन्फाउंडरचा गोळीशी आणि हार्ट डिसीजशी, दोन्हीकडे रिस्क रेशो तीनच्या आसपास असेल तरच तो एकटा हे सगळं पुसून टाकू शकेल. यावर "मग आपण सेफ" म्हणाल का? पाच-सहा छोटे कन्फाउंडर एकाच दिशेने ढकलत असतील तर?

कॉजेशनवर हिलचे नऊ मुद्दे पाठ म्हणू नका प्लीज. एवढंच सांगा की बरेच स्टडी एकाच बाजूने बोलत होते म्हणजे कन्सिस्टन्सी आली, की सगळ्यांत तीच चूक होती? 1985 मध्ये नर्सेस हेल्थ स्टडीचा आधीचा पेपर ज्या अंकात आला, त्याच अंकात फ्रॅमिंगहॅम स्टडीचा निष्कर्ष उलटा आला होता, तो बाजूला का पडला?

शेवटची पाच मिनिटं: 2002 ची डब्ल्यूएचआय ट्रायल, 16,608 बायका, इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनवर कोरोनरी हार्ट डिसीजचा हझार्ड रेशो 1.29. पण तिथे 50 ते 79 वयाच्या बायका, बऱ्याच जणींचा मेनोपॉज होऊन खूप वर्षं झालेली, आणि नर्सेस बहुतेक मेनोपॉजच्या जवळपास सुरू करणाऱ्या. मग दोन्ही स्टडी एकच प्रश्न विचारत होते का? आणि तुमच्या कन्क्लूजन स्लाइडवर "थेरपीमुळे धोका निम्म्यावर येतो" असं लिहिलंय, ते गुरुवारपर्यंत तसंच ठेवणार आहात का?