रॉयल्टी कराराचे कलम ७ : करकपात आणि कर-सवलतीची शब्दरचना

नमस्कार मॅडम,

पहिल्या तिमाहीचे ८०,००० युरो पाठवण्याआधी कलम ७ नेमकं काय सांगतं, ते खाली लिहिते आहे.

७.२ मध्ये म्हटलं आहे : "रॉयल्टी कोणतीही वजावट न करता अदा केली जाईल. कायद्याने करकपात बंधनकारक असल्यास, कपात झाली नसती तर जी रक्कम परवानादात्याला मिळाली असती तेवढीच मिळेल, इतकी रक्कम वाढवून दिली जाईल." पहिलं वाक्य वाचून कर कापायचाच नाही असं वाटतं. पण कर कापून भरण्याची जबाबदारी कायद्याने आपल्यावर टाकलेली आहे, ती कराराने टळत नाही. कलम फक्त बोजा कोणाचा ते ठरवतं, आणि तो आपला ठरवला आहे.

देशांतर्गत दर २० टक्के धरला, तर परवानादात्याच्या हाती ८०,००० पडण्यासाठी ढोबळ रक्कम १,००,००० होते आणि कर २०,०००. द्विपक्षीय कर-कराराचा १० टक्के दर मिळाला, तर ढोबळ रक्कम सुमारे ८८,८८९ आणि कर ८,८८९. फरक ११,१११ युरोंचा, तोही दर तिमाहीला आणि सगळा आपल्या खिशातून.

म्हणून ७.४ महत्त्वाचं. "रहिवास प्रमाणपत्र सादर केल्यावर सवलतीचा दर लागू होईल," एवढंच तिथे आहे. कधीपर्यंत सादर करायचं आणि न केल्यास काय, याबद्दल अक्षर नाही. म्हणजे दिरंगाई त्यांची, भुर्दंड आपला. मी सुचवते ती भर अशी :

"देय तारखेच्या किमान १५ दिवस आधी त्या कर-वर्षाचे वैध प्रमाणपत्र न मिळाल्यास, त्यामुळे वाढलेला कर परवानादाता सोसेल व तेवढ्यापुरते कलम ७.२ लागू होणार नाही."

कलम ७ मध्येच मराठी प्रतीत नुसतं "लाभार्थी" आहे. मूळ अर्थ अधिक काटेकोर आहे : रॉयल्टी स्वतःच्या हक्काने उपभोगणारा, पुढे दुसऱ्याकडे वळती करायला बांधलेला नसलेला. परवानादाता समूहातली हक्क सांभाळणारी कंपनी असल्याने हा मुद्दा कर अधिकारी हमखास काढतील. परवानादात्याकडून तसं लेखी घोषणापत्र घ्या.

७.५ नुसार कर भरल्याचा दाखला आपण द्यायचा. तो साधा वाटतो, पण त्यावर परवानादाता स्वतःच्या देशात कराची वजावट मागू शकतो. बोजा आपण उचलायचा आणि वजावट त्यांना, हे मला तरी पटत नाही. मिळालेल्या वजावटीइतकी रक्कम परत मागण्याची तरतूद वाटाघाटीत जरूर मांडा.

कलम १८ नुसार वाद झाल्यास मूळ भाषेतील प्रत ग्राह्य धरली जाईल. त्यामुळे मराठी मजकूर सुधारून भागणार नाही, दोन्ही भाषांत दुरुस्तीपत्र लागेल. तोवर प्रमाणपत्र हाती नसेल, तर तरतूद २० टक्क्यांनीच करा.

करार तपासणी, विधी विभाग