फोटोत चादर दिसते, सोलापूर दिसत नाही

विज्ञान मंडळातल्या मुला-मुलींनो, टेबलावर दोन चादरी आहेत आणि पडद्यावर त्यांचेच दोन फोटो. दोन्हींवर मोराची एकच नक्षी. चाटी गल्लीत गिऱ्हाईक विचारतं, "चादर खरी सोलापुरी आहे ना?" या एका प्रश्नात खरं तर तीन प्रश्न असतात: नक्षी विणलेली आहे की छापलेली, सूत कापसाचंच आहे का, आणि माल सोलापुरात तयार झाला का. फोटोला हे तिन्ही सारखे झेपत नाहीत.

नक्षीपासून सुरुवात करू, कारण इथे फोटो खरोखर कामाचा आहे. जॅकार्ड मागावर नक्षी धाग्यांच्या उचल-बैठकीतून तयार होते. म्हणून मोराच्या मानेची कड जवळून पाहिली तर पायऱ्या-पायऱ्यांची दिसते. रंग बदलतो तो धागा वर-खाली होतो तिथेच. छापील चादरीत रंगाची कड एकाच धाग्याच्या मधून जाते, अर्धा धागा लाल, अर्धा पांढरा. उलट बाजूही पाहा: विणलेली नक्षी तिथेही धाग्यातच असते, छापलेली बहुधा फिकी पडते. 'बहुधा' म्हणायचं कारण, पातळ कापडात शाई आरपार जाते.

पण हे दिसायला फोटो तसा काढायला हवा. तुमच्या फोनचा फोटो 4000 पिक्सेल रुंद आहे असं धरा. त्यात 200 सेंटिमीटर लांबीची चादर बसवली, तर एका सेंटिमीटरला मिळाले 20 पिक्सेल, इंचाला साधारण 50. इंचात 40 धागे असतील तर एका धाग्याच्या वाट्याला सव्वा पिक्सेल. धागा आणि फट वेगळी दिसायला किमान दोन लागतात. म्हणून अख्ख्या चादरीच्या फोटोत धागे नसतातच. उलट कधी कधी लाटांसारखे पट्टे दिसतात. ते कापडात नसतात, धाग्यांची जाळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकींवर पडून तयार होतात. आता फक्त 10 सेंटिमीटरचा तुकडा चौकटीत घ्या: एका धाग्याला 25 पिक्सेल! शेजारी पट्टी ठेवा, फोन कापडाला समांतर धरा आणि धागे मोजा. फोन तिरका झाला तर एका कडेचे धागे दाटीने दिसतात आणि मोजणी चुकते.

हाच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की लहान होतो आणि दाबला जातो; बारीक धागे पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

रंगावर मात्र भरवसा नको. पिवळ्या बल्बखाली आणि खिडकीतल्या उजेडात कॅमेरा पांढरा रंग वेगळा ठरवतो. शेजारी कोरा कागद ठेवला तर थोडा अंदाज येतो, एवढंच.

सुताच्या प्रश्नावर फोटो अडखळतो. पॉलिएस्टरची चमक कधी दिसते, कधी नाही, आणि मिश्र सूत तर सहज फसवतं. इथे जाळून पाहायची चाचणी लागते.

आणि सोलापूर? सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे नावाचा संबंध ठिकाणाशी आहे. पण तीच नक्षी दुसऱ्या गावच्या जॅकार्ड मागावरही तशीच विणता येते. ठिकाण धाग्यावर उमटत नाही. लेबलचा फोटो म्हणाल, तर लेबल छापायला कोणताही छापखाना चालतो.

बारकोडचंही तसंच. सुरुवातीचा 890 हा आकडा पाहून माल भारतात बनला असं समजू नका. तो क्रमांक जीएस१ इंडिया या बारकोड क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून घेतलेला आहे, एवढंच त्यातून कळतं. शेवटचा आकडा तपासणीचा असतो. करून पाहू, 8901234567890. पहिल्या बारा आकड्यांपैकी विषम जागांची बेरीज 28. सम जागांची 34, तिची तिप्पट 102. एकूण 130; पुढच्या दहाच्या पटीला कमी पडतात 0, आणि शेवटी 0 आहे. गणित बरोबर! पण हा क्रमांक तर नुसते ओळीने आकडे लिहून तयार केलाय. तपासणीत नापास झाला तर काहीतरी चुकलंय, कदाचित फोटोत 8 चा 6 वाचला गेला असेल. पास झाला म्हणून वस्तू खरी ठरत नाही. बहुतेक फोटोंचं हेच आहे: ते खोटं पकडू शकतात, खऱ्याची हमी देत नाहीत.

ऑनलाइन विक्रेत्याकडून फोटो मागवताना सांगा: आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी चादरीवर ठेवा, डावा कोपरा दुमडा, उलट बाजू दाखवा. असा फोटो खरा असेल तर चादर त्याच्या हातात आहे हे कळतं. पार्सलमध्ये तीच येईल असं त्यातून ठरत नाही.

आता चार-चारचे गट करा. प्रत्येक गटाने दोन्ही चादरींचे 10 सेंटिमीटरचे फोटो काढून इंचातले उभे आणि आडवे धागे तीनदा मोजायचे, सरासरी वहीत लिहायची. मग प्रत्येक चादरीच्या कडेचे दोन-तीन धागे सर चिमट्यात धरून, शेजारी पाण्याची बादली ठेवून जाळतील. कापूस जळक्या कागदासारखा वास देतो आणि मऊ राख सोडतो, पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते. गोळी थंड होईपर्यंत हात लावायचा नाही.