वागळे इस्टेट, ठाणे: 60 सीटच्या को-वर्किंग ऑफिसचं बजेट, एप्रिल 2026 ते मार्च 2027

जागा 3,000 चौरस फूट कार्पेट. आराखड्यात 64 सीट आहेत, पण खांबामागच्या चार टेबलांवर खुर्ची मागे सरकवली की पँट्रीचं दार अडतं. त्या विकायच्या नाहीत, म्हणून हिशोब 60 वरच.

दरमहा ठरलेला खर्च (रुपये, जीएसटी वगळून):
भाडं, 75 रुपये दराने: 2,25,000
सोसायटी मेंटेनन्स: 36,000
वीज: 70,000
इंटरनेट, दोन लाइन: 18,000
रिसेप्शन आणि दोन सफाई कर्मचारी: 62,000
प्रिंटर, एसी दुरुस्ती: 14,000
एकूण: 4,25,000

म्हणजे सीटमागे 7,083. पण हा आकडा फसवा आहे, कारण रिकाम्या सीटचं भाडंही भरलेल्या सीटनेच उचलायचं असतं. 48 सीट भरल्या तर तोच 8,854 होतो. त्यावर चहा, पाणी, स्टेशनरीचे प्रत्येक भरलेल्या सीटमागे 500.

सीटचा दर दरमहा 10,000 अधिक जीएसटी. खर्च भागायला 45 सीट लागतात, म्हणजे 75 टक्के.

भरण्याचा अंदाज:
पहिले तीन महिने 24 सीट: दरमहा तूट 1,97,000
पुढचे तीन 36 सीट: दरमहा तूट 83,000
नंतरचे सहा 48 सीट: दरमहा शिल्लक 31,000

सहा महिन्यांची तूट 8,40,000. वर्षअखेर तूट 6,54,000. मीटिंग रूमचं उत्पन्न मुद्दाम धरलेलं नाही. सहा महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट, 13,50,000, आणि फर्निचर वेगळं.

माझा आग्रह एकच: 8,40,000 आधी खात्यात ठेवू, मगच करारावर सही करू.