गड्डा-संक्रांत सेल : आपल्या दुकानाचा प्लॅन

मामा, गेल्या वर्षी सगळ्या मालावर सरसकट ३० टक्के सूट दिली आणि विकलं तेच, जे तसंही विकलं असतं. यंदा सूट दोनच ठिकाणी द्यायची, वाणावर आणि चादरींच्या जोडीवर.

वाण. हळदीकुंकवाला बायका एकदम वीस-पंचवीस नग घेतात, म्हणून आपला जोर इथेच. नॅपकिन सुटा २५ रुपये, २५ नगांचा गठ्ठा ५०० रुपये. खरेदी १५ची आहे, म्हणजे गठ्ठ्यामागे १२५ सुटतात. किमान १५० गठ्ठे डिसेंबरातच भरून ठेवा. गुलाबी-पिवळे जास्त, पांढरे नकोत. ही ऑफर १ जानेवारीपासून रथसप्तमीपर्यंत.

चादर. दोन जेकार्ड चादरींवर एक टर्किश टॉवेल मोफत. ही भोगीच्या चार दिवस आधीपासून किंक्रांतीपर्यंतच. होम मैदानावर गड्ड्याला आलेला पाहुणा सोलापुरी चादर घेऊनच परततो, त्याला घासाघीस करायला वेळ नसतो. अक्षता सोहळ्याच्या दिवशी नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे पेठेत गाडी शिरत नाही, तेव्हा त्या दिवशी घरपोच बंद. ऑर्डर आदल्या दिवशी पोचवायच्या.

फोटो-रील. शूटिंग २२ डिसेंबरला आमच्या गच्चीवर, सकाळी नऊच्या आत. ट्यूबलाइटखाली मोराची चादर मळकी दिसते. एकूण सहा रील, उभ्या, वीस सेकंदांच्या आत, आणि भाव पहिल्या तीन सेकंदांत दिसलाच पाहिजे. "किंमत इनबॉक्समध्ये" अजिबात नको! दोन रील मामींच्या आवाजात मराठीत, एक तेलुगूत, एक कन्नडमध्ये. पूर्वभागातल्या आणि अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकाला आपली भाषा ऐकली की दुकान घरचं वाटतं. उरलेल्या दोन फक्त माल उलगडतानाच्या. सिद्धेश्वरांच्या फोटोवर "सूट" लिहायचं नाही, लोकांना ते खटकतं आणि मलाही.

कधी, किती. इन्स्टाग्रामवर २६ डिसेंबरपासून दिवसाआड एक पोस्ट, यात्रेत रोज सकाळ-संध्याकाळ स्टोरी, संक्रांतीनंतर आठवड्याला दोनच. पोस्टची वेळ संध्याकाळी साडेसात, स्वयंपाक सुरू व्हायच्या आधी. व्हॉट्सअ‍ॅपवर आठवड्यातून एकदाच, जास्त झालं की लोक ब्लॉक करतात. ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात आणि आपला नंबर सेव्ह असेल त्यालाच मेसेज जातो, म्हणून आजपासून बिल करतानाच गिऱ्हाइकाला नंबर सेव्ह करायला सांगा. पहिला मेसेज असा:

"ताई, वाणाची तयारी झाली का? २५ नॅपकिन ५०० रुपयांत. रंग निवडा, बांधून ठेवतो."

खर्च. जाहिरातीला ४,००० (शहर आणि २५ किलोमीटरचा परिघ), फ्लेक्स एकच, ९००. रिक्षावरचा भोंगा यंदा रद्द.

काउंटरवर वही ठेवा. "कुठे पाहिलंत?" एवढंच विचारून लिहायचं. १० जानेवारीला वही बघून जी रील चालली असेल तिच्यावरच उरलेले पैसे लावू.